तिसरीचे पाढे: घोकायचे, टप्प्याने मोजायचे की चौकटीत मांडायचे?

मूल तिसरीत गेलं की घरात पाढ्यांचा विषय निघतोच. आजी म्हणते, रोज संध्याकाळी म्हणून घ्या, आपोआप येतील. शाळेत बाई ठिपक्यांच्या ओळी काढायला लावतात. आणि ट्रेनच्या गर्दीतून घरी पोहोचलेल्या आईबाबांना एकच प्रश्न असतो की, हाताशी असलेल्या वीस मिनिटांत नेमकं काय करून घ्यायचं? परळला संध्याकाळी माझ्याकडे तिसरी-चौथीची मुलं गणिताला येतात. त्यांचे पालक मला हेच विचारतात. पाढा घोकणं, टप्प्याने मोजणं आणि आडव्या-उभ्या ओळींत मांडून पाहणं, अशा तीन वाटा आहेत. मी तिन्हींची तुलना सातच्या पाढ्यावर करते, कारण बे, पाच आणि दहा कुठल्याही पद्धतीने येतात. खरी कसोटी सातला लागते.

घोकण्याची मोठी सोय म्हणजे त्याला काहीच लागत नाही. वही नको, जागा नको, भाजी निवडता निवडताही आजी पाढा म्हणून घेऊ शकते. ‘सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस’ याला लय आहे आणि लयीत म्हटलेलं वर्षानुवर्षं टिकतं. हे मी मनापासून मानते. अडचण अशी की, लयीत बसलेला पाढा क्रमानेच बाहेर येतो. मुलाला मधूनच ‘सात आठे?’ विचारा आणि त्याच्या ओठांकडे बघा. ओठ हलत असतील, तर ते ‘सात एके सात’पासून निघालंय आणि आठव्या पायरीवर पोहोचून उत्तर देणार आहे. मग लगेच ‘आठ साते?’ विचारा. नुसत्या घोकलेल्या मुलासाठी हा वेगळा पाढा असतो, म्हणून ते आठच्या पाढ्याच्या सुरुवातीपासून पुन्हा निघतं. आत्ताच दिलेलं उत्तर इथेही चालेल, हे त्याच्या लक्षात येत नाही.

मराठी संख्यानावांचा एक पेच यात मिसळतो आणि मुंबईत तो जास्त जाणवतो. इंग्रजी माध्यमातलं मूल शाळेत ‘फोर्टी नाइन’ म्हणतं आणि घरी आजीबरोबर ‘सात साते एकोणपन्नास’. तोंडाने एकोणपन्नास बरोबर येतं, पण लिहायला सांगितलं की ५९ लिहिलं जातं, कारण शब्दात पन्नास ऐकू येतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी नावं आली तेव्हा मोठा वाद झाला होता. कोणाची बाजू बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मुलांची ही अडचण खरी आहे. म्हणून पाढा नुसता म्हणून घेऊ नका, मधली दोन-तीन उत्तरं अंकांत लिहायला सांगा. पाढा येतो की फक्त चाल येते, हे तिथे कळतं.

टप्प्याने मोजणं याहून एक पाऊल पुढचं आहे. ७, १४, २१, २८ असं सात-सातने पुढे जाताना गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणं, हे मुलाला आपोआप कळतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकाच वाराच्या तारखा बघितल्या तरी सातचे टप्पे दिसतात. महिन्याची सात तारीख सोमवारी असेल, तर १४, २१ आणि २८ तारखेलाही सोमवारच येणार. पाढा विसरला तर घोकणारं मूल अडकून बसतं, पण टप्प्याने जाणारं मूल मागच्या उत्तरात सात मिळवून पुढे सरकतं. एवढ्यासाठी तरी ही पद्धत यायलाच हवी.

पण सातच्या पाढ्यात तिचीही दमछाक होते. मुलाला एकाच वेळी दोन हिशेब ठेवावे लागतात, आपण कुठल्या संख्येवर आहोत आणि आतापर्यंत किती उड्या झाल्या. २८ वरून ३५ ला जाताना दशक ओलांडायचं असतं. लक्ष तिकडे गेलं की उड्यांची गिनती हुकते. संख्यारेषेवर काही मुलं सुरुवातीच्या शून्यालाच ‘एक’ म्हणतात. मग त्यांचं आठवं बोट ४९ वर येतं. एखादी बेरीज मध्येच चुकली, ३५ नंतर ४३ झालं, तर पुढचं सगळंच चुकत जातं.

इथे पालकांच्या खूप उपयोगाची एक गोष्ट सांगते. चूक झाली की नुसतं ‘चुकलं’ म्हणू नका, चुकीचा आकडा बघा. ७ × ८ ला मूल ४९ किंवा ६३ म्हणालं, तर बहुतेक वेळा ते टप्प्याने मोजतंय आणि एक उडी कमी किंवा जास्त झाली आहे. ५४ म्हणालं, तर पाठांतरात सरमिसळ झाली आहे, कारण ५४ हे नऊ सकचं उत्तर आहे आणि ते छप्पन्नच्या शेजारचंच वाटतं. १५ म्हणालं, तर त्याने बेरीज केली, म्हणजे गुणाकाराच्या चिन्हाचा अर्थच अजून लागलेला नाही. या तिघांना एकच औषध देऊन चालत नाही.

आता मांडणी. यासाठी गणिताची चौकटीची वही आणि एक रंगीत पेन्सिल पुरते. राजमा किंवा चिंचोके मांडूनही करता येतं, पण दाणे सरकतात, ओळ तिरकी होते आणि लहान घरात कोणाचा तरी पाय लागतो. चौकटी आधीच आखलेल्या असतात, म्हणून मी वहीच वापरते.

माझ्याकडची तिसरीतली एक मुलगी सातचा पाढा धडाधड म्हणायची, पण मधूनच सात आठे विचारलं की ५४ म्हणायची. मी तिला एका ओळीत सात चौकटी, अशा आठ ओळींचा आयत काढायला सांगितला. ती बोट ठेवून एकेक चौकट मोजायला लागली आणि ५७ वर थांबली. ही पहिली पायरी असते, तिला थांबवायचं नाही. मग मी रंगीत पेन्सिलीने आयतात एक उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडे प्रत्येक ओळीत पाच चौकटी आल्या आणि उजवीकडे दोन. विचारलं, डावीकडे किती? ‘पाच आठे चाळीस.’ उजवीकडे? ‘बे आठे सोळा.’ ती क्षणभर वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ताई, म्हणजे सातचा पाढा म्हणजे पाचचा आणि बेचा मिळून आहे?’ हो, एवढंच आहे. सात सक म्हणजे ३० आणि १२, बेचाळीस. सात नवे म्हणजे ४५ आणि १८, त्रेसष्ट. ५४ पुन्हा तोंडात आलं, तर ते तपासायला आता तिच्याजवळ साधन होतं. मग आठ साते विचारलं, तेव्हा तिने वही आडवी फिरवली. आठ ओळी होत्या तिथे सात झाल्या, पण चौकटी त्याच राहिल्या.

वही फिरवण्याने काम किती हलकं होतं ते बघा. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. ७ × ८ आणि ८ × ७ एकच आहेत, हे पटलं की पंचावन्न उरतात. त्यातून एक, बे, पाच आणि दहाचे वगळले, तर लक्षात ठेवायला खऱ्या अर्थाने एकवीसच राहतात. भागाकारही याच आयतातून निघतो. ५६ चौकटी आहेत आणि एका ओळीत सात, तर ओळी किती? नुसता पाढा पाठ असलेल्या मुलाला हा प्रश्न उलटा वाटतो, पण आयत काढणाऱ्याला तो समोर दिसतो.

मांडणीच्याही मर्यादा आहेत. काही मुलं दिवसेंदिवस चौकटी एकेक करून मोजत राहतात. तसं असेल तर त्यांनी गुणाकार केलेला नाही, लांबलचक मोजणी केली आहे. यावर उपाय म्हणजे आयत काढून झाला की तो कागदाने झाकायचा. वरची एक ओळ आणि डावीकडची एक उभी रांग एवढीच उघडी ठेवायची. मग मोजता येत नाही, रेघ कुठे मारायची याचा विचार करावाच लागतो. दुसरी मर्यादा वेगाची. चौथीत ३४७ × ८ सारखा उभा गुणाकार आला की मुलाला प्रत्येक पायरीवर आयत आठवायला वेळ नसतो. तेवढ्यात हातचा विसरला जातो. म्हणून पाठांतर टाकून द्या, असं मी कधीच म्हणत नाही. ते शेवटी यायला हवं एवढंच.

मग तुमच्या मुलासाठी काय निवडायचं? त्याला दोन, पाच आणि दहाचे टप्पे अडखळत म्हणावे लागत असतील, तर आयताकडे वळूच नका. आधी तेच पक्के करा, कारण रेघ मारून जे दोन तुकडे होतात ते याच टप्प्यांवर उभे असतात. पाढा घडाघडा येतो पण मधूनच विचारलं की अडतो, अशा मुलाला दोनेक आठवडे रोज एक आयत द्या. फक्त सहा, सात आणि आठचे. आणि ज्याला रेघ मारून उत्तर काढता येतं पण वेळ लागतो, त्याच्याकडून पाढे जरूर म्हणून घ्या, पण क्रमाने नको. त्या एकवीस गुणाकारांच्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका आणि रोज पाच-सहा काढायला लावा. उत्तर चुकलं तर सांगू नका, ‘रेघ मार’ म्हणा.

शाळेत उद्याच तोंडी परीक्षा असेल, तर आज पाढा म्हणून घ्या. त्यात काही बिघडत नाही. रविवारी निवांत वेळी वही उघडा आणि सातच्या आधी सहा घ्या, कारण सहा म्हणजे पाच आणि एक, हा सगळ्यात सोपा तुकडा आहे. दुकानातला तीस अंड्यांचा ट्रे घरात असेल तर तोच पुढे ठेवा. त्यात सहा-सहाच्या पाच ओळी असतात. आधी त्या मोजायला सांगा, मग ट्रे फिरवून पाच-पाचच्या किती ओळी होतात ते विचारा. त्यानंतर अजून सहा-सहाच्या दोन ओळी जोडल्या तर एकूण किती अंडी होतील, हे वहीत काढायला लावा.