Cr(III) चा B काढायचा तर तीन पट्ट्यांवरून की दोन?

क्रोमियमच्या अष्टफलकीय कॉम्प्लेक्सचा स्पेक्ट्रम हाती आला की B, म्हणजे d-इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाचे माप, काढायचे दोन सरळ मार्ग समोर असतात. तनाबे–सुगानो आलेखावर पट्टी ठेवून गुणोत्तर जुळवायचा तिसरा मार्गही आहे, पण छापील आलेखावर शेवटचा आकडा डोळ्यांच्या भरवशावर सोडावा लागतो, म्हणून तो मी बाजूला ठेवतो.

पहिल्या मार्गाला ν1, ν2, ν3 हे तिन्ही पट्टे लागतात, दुसऱ्याला फक्त पहिले दोन:

```
B = (ν2 + ν3 − 3ν1) / 15
B = (ν2 − ν1)(2ν1 − ν2) / (27ν1 − 15ν2)
```

पहिले सूत्र दिसायला गोड आहे. बेरीज-वजाबाकी करा, १५ ने भागा, झाले. मीही बरेच दिवस तेच वापरत होतो. अडचण ν3 ची. [Cr(H₂O)₆]³⁺ मध्ये तो ३७,८०० सेमी⁻¹ च्या आसपास, म्हणजे २६५ नॅनोमीटरला येतो, आणि मुळातच फिका असतो. मी पहिल्यांदा क्रोमियम नायट्रेटचे द्रावण प्लास्टिकच्या क्युव्हेटमध्ये घेतले, तर तिथे नुसती भिंत दिसली. क्वार्ट्झची क्युव्हेट आणली, तर ३०० नॅनोमीटरला नायट्रेटचाच पट्टा आडवा आला. नायट्रेट टाळल्यावर अखेर जे दिसले ते चढत्या उतारावरचे एक खांद्यासारखे उंचवटलेपण होते. त्याचे शिखर नेमके कुठे धरायचे? माझे दोन दिवसांचे दोन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, आणि तिथेच माझे मन या पद्धतीवरून उडाले.

आकडे घालून पाहू. ν1 = १७,४०० आणि ν2 = २४,६०० धरले तर तीन पट्ट्यांवरून B येतो ६८०, दोन पट्ट्यांवरून ७२९. दोन्ही उत्तरे जुळवायला ν3 साधारण ७३५ सेमी⁻¹ वर सरकवावा लागेल. त्या भागात हे जेमतेम ५ नॅनोमीटर होतात, आणि खांद्यावर तेवढी चूक सहज होते. तरी सगळा दोष उपकरणाच्या माथी मारणे योग्य नाही. ν3 ची वरची पातळी प्रामुख्याने t₂g मधले दोन इलेक्ट्रॉन e_g मध्ये चढवलेली असते, ν2 ची एकच. लिगंडशी दोन्ही कक्षकांची सरमिसळ सारखी नसते, त्यामुळे एकच B दोन्ही पट्ट्यांना तंतोतंत बसेल ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

दोन पट्ट्यांच्या पद्धतीचा खरा उपयोग मला ऑक्झलेटशी तुलना करताना कळला. [Cr(ox)₃]³⁻ मध्ये ν1 सुमारे १७,५०० वर, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ शेजारीच असतो. क्षेत्राची ताकद सारखीच. पण ν2 येतो २३,९०० वर, ७०० ने खाली. ν1 मध्ये B येतच नाही, तो निव्वळ 10Dq, म्हणजे क्षेत्राची ताकदच आहे. ν2 मध्ये मात्र B मिसळलेला आहे. म्हणून ही घसरण इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाचीच. सूत्रात घाला: B = ६२३.

मुक्त Cr³⁺ साठी B ९१८ धरला तर ⁴F आणि ⁴P मधले अंतर, म्हणजे 15B, सुमारे १३,८०० होते. पाण्यात त्याचे १०,९०० उरतात, ऑक्झलेटमध्ये ९,३००. β, म्हणजे कॉम्प्लेक्समधला B भागिले मुक्त आयनाचा B, अनुक्रमे ०.७९ आणि ०.६८. कारण दुहेरी आहे: d-इलेक्ट्रॉन लिगंडच्या कक्षकांत पसरतात, आणि लिगंडने दिलेल्या भारामुळे धातूच्या केंद्रकाची त्यांच्यावरची प्रभावी पकडही सैल होते. ढग फुगतो, इलेक्ट्रॉन एकमेकांपासून लांब राहतात. यॉर्गेन्सनने नेफेलॉक्झेटिक हे नाव दिले ते याच ढग फुगण्यावरून. सायनाइडमध्ये (२६,७०० आणि ३२,२००) B ४९० वर येतो. तिथे π-बंधांनी धातूचे इलेक्ट्रॉन लिगंडवर आणखी सरकतात.

एक सावधगिरी. काही तक्त्यांत मुक्त आयनाचा B १,०३० दिलेला असतो. त्याने भागले तर पाण्याचा β ०.७१ होतो. कुठलाही घ्या, पण तुलनेत मध्येच बदलू नका. आणि दोन पट्ट्यांच्या सूत्रातही ν1 १०० ने चुकला तर B सुमारे १५ ने हलतो, म्हणून β च्या तिसऱ्या दशांश स्थळावर भांडण्यात अर्थ नाही.

निकेलचे कॉम्प्लेक्स असेल तर मात्र तीन पट्ट्यांकडे वळायला माझी हरकत नाही. तिथे ν3 दृश्य भागाच्या कडेला स्वच्छ दिसतो. पण [Ni(H₂O)₆]²⁺ चा ν2 दोन कुबडांचा असतो, कारण त्याच भागातली एक एकक अवस्था त्यात मिसळते, आणि कुठले कुबड धरायचे यावरून B पुन्हा हलतो. क्रोमियमसाठी मी ν3 नोंदवून ठेवतो, सूत्रात घालत नाही.