तासगावचा बेदाणा ऑनलाईन मागवणार असाल तर आधी हे वाचा

मी साताऱ्यात राहते. दिवाळीच्या तीन आठवडे आधी फेसबुकवर एक पेज दिसलं, "शेतकऱ्याकडून थेट ग्राहकाला", तासगावचा बेदाणा, ३४० रुपये किलो, घरपोच. फोटो एवढे सुंदर की बघतच राहावं, शेडमधे रॅकवर जाळीवर पसरलेला हिरवागार लांब बेदाणा आणि खाली लिहिलेलं "आजच वाळवून काढलेला ताजा माल, कसलंही औषध नाही". मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं आणि पाच घरांचा मिळून १२ किलो झाला. ४०८० रुपये सगळे आधीच मागितले, मी म्हणलं दादा निम्मे आत्ता निम्मे माल आल्यावर देते, तर म्हणाला "ताई शेतकऱ्यावर विश्वास नाही का?" आणि त्या एका वाक्याला मी गप्प बसले. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं ते पेजवरच्या शेतकऱ्याचं नव्हतंच, विचारलं तर म्हणे मेव्हण्याचं खातं आहे. तिथंच थांबायला हवं होतं.

तीन दिवसात घरपोच म्हणाला होता. चौथ्या दिवशी विचारलं तर "कालच ट्रॅव्हल्सला टाकलाय" आणि पावतीचा एक अंधुक फोटो. आम्ही बॉम्बे रेस्टॉरंट चौकात पार्सल ऑफिसला दोन हेलपाटे मारले, तिथल्या माणसानं पावती नीट बघितली आणि म्हणाला ताई हा नंबर कधीचा जुना आहे, आमची आत्ताची पावती पुस्तकं फार पुढं गेलीत. म्हणजे कुठल्यातरी जुन्या पार्सलची पावती मला पाठवली होती. पेजवर जाऊन कमेंट केली तर कमेंट गायब आणि मी ब्लॉक. मग मिस्टरांच्या फोनवरून पोलिसात जाते म्हणून मेसेज केला तेव्हा कुठं सोळाव्या दिवशी बॉक्स आला, भाडंही आम्हालाच भरायला लावलं. वजन केलं तर साडेदहा किलो. वरचा बोटभर थर चांगला, त्याखाली चिकट, काळपट, काड्या तशाच असलेला बारीक माल आणि आंबूस वास.

माझे मामा कवठेमहांकाळला आहेत, त्यांची स्वतःची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. त्यांना ते फोटो दाखवले तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "अगं ऑक्टोबरात रॅकवर बेदाणा कुठनं येईल?" आपल्याकडं द्राक्ष उतरतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, बेदाणा वाळतो तोही तेव्हाच, दोन तीन आठवडे सावलीत. दिवाळीला जो चांगला बेदाणा मिळतो तो कोल्ड स्टोरेजला ठेवलेला असतो आणि त्यात काही वाईट नाही, खरा शेतकरी तसं सरळ सांगतो. आणि औषध नाही हे पण खोटंच. द्राक्ष डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून मग रॅकवर टाकतात, त्यानं सालीवरचा मेणाचा थर निघतो, लवकर वाळतं आणि हिरवा रंग टिकतो, पिवळ्याला तर गंधकाची धुरी देतात. काहीच न लावता वाळवला तर बेदाणा तपकिरी, काळसर होतो. म्हणजे फोटोत हिरवागार आणि खाली "काहीही न लावता", हे दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. भावाचं पण मामा म्हणाले, किलोभर बेदाण्याला चार किलोच्या आसपास द्राक्ष लागतात, मजुरी आणि कोल्ड स्टोरेजचं भाडं वेगळं, आणि तेव्हा सौद्यातच असला माल ३४० च्या वर निघत होता, मग हा घरपोच कसा देईल.

भाचीनं ते फोटो गुगल लेन्सवर टाकले तर दुसऱ्याच एका शेतकऱ्याच्या पेजवर मार्च महिन्यातले निघाले. त्यांना फोन केला. ते बिचारे आधीच वैतागलेले, त्यांच्या शेडचे फोटो चोरून कोणीतरी धंदा करतंय आणि शिव्या यांना बसतायत, दोन जुनी गिऱ्हाईकं पण तुटली म्हणाले. मला याचंच जास्त वाईट वाटलं, माझे पैसे गेले पण त्यांचं नाव चाललंय.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली पण पैसे देऊन जवळजवळ तीन आठवडे झालेले, काही हाती आलं नाही. हा नंबर पहिल्या दिवशी, शंका आली की लगेच लावायचा असतो, पैसे पुढं सरकायच्या आत. शेजाऱ्यांचे पैसे मी माझ्या खिशातून परत दिले कारण माझ्या शब्दावर त्यांनी दिले होते.

त्या खऱ्या शेतकऱ्याकडूनच नंतर पाव किलो नमुना मागवला. त्यांनी न विचारता सांगितलं की माल मार्चमधला आहे, डिपिंग केलेला आहे, आणि व्हिडिओ कॉलवर बॉक्स उलटा करून तळाचा माल दाखवला. पार्सलची पावती त्याच संध्याकाळी आली, तारखेसकट.