बँकेतला पत्ता बदलला, डेबिट कार्ड मात्र नागपूरला गेलं

नागपूरहून पुण्याला आल्यावर सरकारी बँकेत पत्ता बदलून घेतला. मेसेजही आला, ‘आपला पत्ता अद्ययावत झाला आहे’. नंतर काही महिन्यांनी कार्डाची मुदत संपली आणि नवं कार्ड नागपूरच्या जुन्या घरी जाऊन परत फिरलं.

कारण फॉर्ममधले दोन रकाने. एक कायमचा पत्ता, दुसरा पत्रव्यवहाराचा. काउंटरवरच्या माणसाने पहिलाच बदलला, आणि कार्ड, चेकबुक जातं दुसऱ्यावर. स्टेटमेंटची पीडीएफ उघडली तर वर नागपूरचाच पत्ता! तेव्हा मेसेजवर विसंबू नका, नेट बँकिंगच्या प्रोफाइलमध्ये दोन्ही पत्ते बघा.

आता पुरावे. भाडेकरूचं खरं दुखणं इथेच आहे: लाइट बिल घरमालकाच्या नावावर, पाइप गॅसही त्याच्याच. पॅनवर पत्ताच नसतो. शाखेत ‘आधारच आणा’ एवढंच ऐकवलं. माझ्याकडे नव्या पत्त्यावरचं पोस्टपेड मोबाइलचं बिल होतं, ते आधी ढकलून दिलं. पण रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत वीज, पाणी, टेलिफोन, पाइप गॅस यांच्याबरोबर पोस्टपेड मोबाइलचं बिलही पत्त्यासाठी चालतं. ते दोन महिन्यांपेक्षा जुनं नको, एवढंच. मालमत्ता कराची पावतीही चालते. नियमाचं पान छापून नेलं, तेव्हा साहेबांनी बिल घेतलं.

घेतलं, पण तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं आधार, पासपोर्ट, लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र द्यायचं या अटीवर. ही अट मला तेव्हा निव्वळ छळ वाटली होती. आता तेवढी वाटत नाही, कारण अटही त्याच नियमात आहे आणि तीन महिन्यांत आधार आरामात होतं. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. बँकेने तो पुरावा म्हणून धरला नाही, पण आधारच्या साइटवर तोच अपलोड करून पत्ता बदलला. नोंदणी न केलेला, नुसता स्टँप पेपरवरचा करार असेल तर त्या वाटेला जाऊ नका. आधारवरच्या पत्ताबदलाची फी ७५ रुपये. तीही जिवावर आली, पण रिक्षाने शाखेत चकरा मारण्यापेक्षा स्वस्त.

पत्ता बदलला म्हणून शाखा बदलत नाही. आयएफएससी तोच राहतो, म्हणून पगार, एसआयपी कशालाच धक्का लागला नाही. खातं पुण्याच्या शाखेत हलवलं तर तो कोड बदलतो, म्हणून मी हलवलंच नाही.

संयुक्त खातेवाल्यांनी एक बघा: पत्ता खात्याला नाही, ग्राहक क्रमांकाला जोडलेला असतो. माझा बदलला, बायकोचा नागपूरचाच राहिला. तिचा फॉर्म कालच दिला, दोन्ही रकाने भरून, पोचपावतीवर शिक्का घेऊन.