कंपनीच्या ॲपवरचा प्लग की मॅटरवाला प्लग?

आमच्या घरी माझ्याकडे अँड्रॉइड, बायकोकडे आयफोन. हॉलमधल्या दिव्याला आधी एका कंपनीचा साधा स्मार्ट प्लग होता. तिच्या ॲपमध्ये खातं उघडायचं आणि मग ते खातं गुगल होमला जोडायचं. ॲपल होममध्ये तो दिसतच नव्हता. नेट गेलं की ॲपवरून दिवाही लागेना, कारण हुकूम कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून यायचा.

मग मॅटरवाला प्लग आणला. मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं आणि ॲप एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेलं सामायिक मानक. त्यावरचा क्यूआर कोड गुगल होममध्ये स्कॅन केला (तिथे घरात एखादा नेस्ट स्पीकर किंवा तसाच हब लागतो). तोच कोड आयफोनवर पुन्हा चालत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि प्लग बिघडला असं वाटतं. त्यासाठी गुगल होममधून जोडणी उघडून नवा कोड घ्यायचा. तो थोडी मिनिटंच चालतो. आता नेट नसतानाही बायको घरच्या वायफायवरून आयफोनमधून दिवा लावते. माझ्या मते एवढ्यासाठी मॅटरच घ्यावा.

पण तिने लावलेलं संध्याकाळी सातचं वेळापत्रक माझ्या ॲपमध्ये येत नाही, ते दोन्हीकडे वेगळं राहतं. वीजवापराचे आकडे मॅटरमध्ये २०२४च्या १.३ आवृत्तीपासून आले. प्लग आणि ॲप दोघांनाही ते जमलं तरच दिसतात. नाहीतर त्यासाठी कंपनीचं ॲप ठेवावंच लागतं.