फॅमिली फ्लोटर, प्रपोजर गेल्यानंतरचे आठ महिने: कव्हर टिकलं, पण मोबाईल नंबरने घाम फोडला

फ्लोटर म्हणजे काय, टॉप-अप म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. ज्या माणसाच्या नावावर पॉलिसी होती, तोच गेला तर पुढे काय होतं, तेवढ्यापुरता हा अनुभव आहे. घर तासगावचं. नवरा ६१, बायको म्हणजे वहिनी ५४, मुलगी २२, शिकते. आरोग्य विम्याची पॉलिसी फेब्रुवारी २०१९ ची, तिघांना मिळून ५ लाखांची. सहा वर्षं क्लेम नव्हता म्हणून दरवर्षी ५ टक्क्यांप्रमाणे ३० टक्के बोनस जमलेला, म्हणजे हाताशी साडेसहा लाख. जून २०२५ मध्ये मिरजेच्या हॉस्पिटलात नऊ दिवस काढून प्रपोजर गेले.

आधी चांगली गोष्ट. कव्हर बंद पडत नाही. गेलेल्या माणसापुरतं संपतं, बाकीच्यांचं पॉलिसीची मुदत संपेपर्यंत आपोआप चालू राहतं, आणि पुढे नूतनीकरणाचा हक्कही त्यांचाच. पॉलिसीच्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलेलं असतं. मागे फक्त अल्पवयीन मुलं राहिली, तर नैसर्गिक पालक किंवा कोर्टाने नेमलेला पालक नूतनीकरण करतो. तेव्हा "आता पॉलिसीच संपली" असं कुणी ओट्यावर बसून सांगितलं तर ऐकू नका.

आता तो नंबर. नोंदवलेला मोबाईल गेलेल्या माणसाचा. क्लेमची लिंक त्यावर, त्रुटीपत्र त्यावर, ॲपचा ओटीपी त्यावर, आणि नंबर बदलायचा म्हटलं तर त्याचाही ओटीपी त्याच नंबरवर! अंत्यविधी आटोपले की घरचे पहिलं काम काय करतात, तर ते सिमकार्ड ड्रॉवरमध्ये टाकतात. रिचार्ज नाही, वापर नाही, तीन महिन्यांत नंबर बंद पडू शकतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. इथे दुसऱ्या आठवड्यात त्रुटीपत्राचा एसएमएस आला होता, तो कळला पंचविसाव्या दिवशी. म्हणून कंपनीत नवा नंबर नोंदला जाईपर्यंत जुनं सिम चालू ठेवा, फोन चार्ज करून ठेवा आणि रोज एकदा बघा. पण ते फक्त निरोप वाचण्यापुरतं. त्याच्या ओटीपीवर त्याच्याच नावाने काही सही-संमती देऊ नका, का ते पुढे येतं.

नंबर बदलला तो ॲपवरून नव्हे, कागदावर. वहिनींच्या सहीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, त्यांचं आधार, पॅन, फोटो आणि रद्द केलेला चेक. सांगलीच्या शाखेत दोन प्रती नेल्या आणि एकीवर तारखेसह पोच घेतली. पोच न घेता आलात तर तुम्ही गेलाच नव्हतात असं समजा. अर्जात तीन मागण्या वेगवेगळ्या लिहिल्या: मृताचं नाव सदस्यांतून कमी करा, प्रपोजर म्हणून पत्नीचं नाव घ्या, मोबाईल व ईमेल बदला. एकाच वाक्यात गुंडाळलं की पहिली मागणी पुरी होते आणि उरलेल्या दोन फायलीत राहतात.

दाखल्याबाबत एक हेलपाटा वाचवा. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस राहायला कुठे होता याला अर्थ नाही. घर तासगावचं असलं तरी दाखला सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा. नगरपरिषदेच्या खिडकीवर उभं राहून उपयोग नाही. आणि दाखल्यावरचं नाव पॉलिसीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तिथेच बघून घ्या.

हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नव्हतं, त्यामुळे ३,९०,००० चं बिल आधी भरून मग परताव्याचा क्लेम केला. कागद तीस दिवसांत द्यायचे असतात आणि दुःखाच्या घरात तीस दिवस कुठे जातात कळत नाही. डिस्चार्ज कार्ड नसतं, त्याऐवजी हॉस्पिटलची डेथ समरी जोडायची. पैसे मिळतात ते पॉलिसीवरच्या नॉमिनीला, म्हणून रद्द चेक नॉमिनीच्या खात्याचा हवा. इथे नॉमिनी पत्नी होती, निभावलं. पुष्कळ पॉलिसींत लग्नाआधी लिहिलेलं आईचं नाव तसंच असतं. ती आई हयात नसेल तर वारसांचे कागद सुरू होतात. आत्ताच उठून आपला शेड्यूल, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाचं पान, काढून बघा.

या क्लेमनंतर वर्षअखेरपर्यंत मायलेकींना उरले २,६०,०००. फ्लोटरची ही बाजू कुणी सांगत नाही: शेवटच्या आजाराचा खर्च मागे राहिलेल्यांच्याच वाट्यातून जातो. क्लेम झाला नसता तर आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत मृताच्या वाट्याचा उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत मिळतो. क्लेम झाला की तो हिशेब मिटतो.

इथवर मत पाचापैकी दोनचं होतं. सप्टेंबरमध्ये ते बदललं. वहिनींना ताप आणि साखर वाढल्याने ॲडमिट केलं, यावेळी नेटवर्क हॉस्पिटल. प्रपोजर गेल्याची नोंद झालेली, कार्ड जुनंच, तरी कॅशलेसला तासाभरात मंजुरी आली. मधुमेहाबद्दल एक शब्द विचारला नाही, कारण आधीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ पॉलिसीत केव्हाच पुरा झालेला. मंजुरीचा एसएमएस मात्र पुन्हा जुन्याच नंबरवर! क्लेमच्या खात्याची नोंद वेगळी असते म्हणे.

खरा धोका जानेवारीत आला, तोही आपुलकीच्या सुरात. एजंट म्हणाला, "वहिनी, जुनं काढून टाका, तुमच्या नावावर नवीनच काढू. सोपं पडंल." सोपं पडतं ते त्याला. नवी पॉलिसी म्हणजे पहिले तीस दिवस आजारांना कव्हर नाही, आणि मधुमेहासाठी प्रतीक्षा पुन्हा, आजच्या नियमाने कमाल ३६ महिने. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, ते संरक्षणही शून्यावर येतं. हवं ते एवढंच: त्याच पॉलिसीचं नूतनीकरण, प्रपोजर बदलून. नव्या शेड्यूलमध्ये वहिनींच्या नावापुढे पहिल्या पॉलिसीची तारीख २०१९ चीच आहे का, हे बोट ठेवून तपासायचं. तिथे २०२६ दिसलं तर वाट न बघता त्याच दिवशी लेखी हरकत.

नूतनीकरणाची नोटीस आली ती दोन मोठे, एक मूल आणि ६१ वर्षांच्या वयावर: ३४ हजारांच्या वर. बहुतेक फ्लोटरचा दर सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो. मोठा सदस्यच नाही म्हटल्यावर दर ५४ वर्षांचा लागायला हवा. पोच दाखवल्यावर सुधारित आकडा २२ हजारांच्या आत आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेल्यामुळे वर काही नाही. बारा हजार रुपये एका कागदाचे! बोनस क्लेममुळे ३० वरून २५ टक्के झाला, तो नियमच.

जुन्या नोटीशीतली लिंक दाबून पैसे भरले असते तर पॉलिसी मृताच्या नावाने नव्या वर्षात गेली असती, आणि पुढच्या क्लेमला चौकशी लागली असती. तसंच ऑटो-डेबिट: बँकेला मृत्यू कळवला की एकट्याच्या खात्यातून हप्ता जात नाही. सवलतीचे तीस दिवस असतात, पण वार्षिक हप्ता असेल तर पैसे भरेपर्यंतच्या त्या दिवसांत कव्हर नसतं.

शाखेने आणि तक्रार अधिकाऱ्याने महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर आपल्या जिल्ह्यांसाठी विमा लोकपाल पुण्याला बसतो, फी लागत नाही. इथे तिथवर जावं लागलं नाही. चार हेलपाटे आणि पाचापैकी साडेतीन. उरलेला दीड त्या नंबरसाठी कापलाय: फेब्रुवारीच्या नव्या शेड्यूलवर नाव वहिनींचं, तारीख २०१९ ची, आणि संपर्क क्रमांकाच्या चौकटीत अजून तोच जुना नंबर. दुरुस्तीचा अर्ज टाकलाय, पोच जवळ आहे.