किलोमागे १.१ ग्रॅम प्रोटीनवर मसल वाढवायचंय: आठवड्याला २० सेट की १० सेट?

अंडी खात नाही, व्हे परवडत नाही किंवा पोटाला मानवत नाही, घरचा डबा बऱ्यापैकी चांगला असतो, आणि जिममध्ये सगळे म्हणतात की सहा दिवस ये नाहीतर बॉडी होत नाही. अशा माणसाने कोणता प्लॅन धरावा हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, म्हणून दोन्ही प्लॅन समोरासमोर ठेवून लिहितोय. माझा मावसभाऊ हे दोन्ही प्लॅन एकामागून एक करून बसलाय आणि त्याची वही माझ्याकडे आहे, त्यामुळे उदाहरण त्याचंच घेतो.

वय २७, वजन ६६ किलो, चिंचवडला नोकरी, शुद्ध शाकाहारी. आधी त्याचं एका दिवसाचं खाणं मोजूया, कारण "मी भरपूर डाळ खातो" असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे आणि एक मोठा ग्लास दूध, म्हणजे १४ ग्रॅम. डब्यात तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि छोटी वाटी दही, सगळं मिळून २२. संध्याकाळी मूठभर फुटाणे, ८. रात्री दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, थोडा भात, २०. झोपताना परत दूध, ८. बेरीज ७२ ग्रॅम, म्हणजे किलोमागे १.१ च्या आसपास. नुसतं तब्येतीसाठी आयसीएमआरने सांगितलेलं प्रमाण ०.८३ आहे, त्याच्या वर तो आहे. पण मसल वाढवण्यासाठी जो १.६ चा आकडा सगळीकडे फिरतो त्याच्या बराच खाली आहे.

आता हा १.६ चा आकडा नीट समजून घ्या, कारण सगळी भीती तिथूनच सुरू होते. २०१८ साली ४९ अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं, त्यात दिसलं की साधारण १.६ च्या पुढे प्रोटीन वाढवून सरासरीने जास्त फायदा मिळत नाही. म्हणजे ते छत आहे, उंबरठा नाही. १.१ वर वाढ बंद होत नाही, कमी होते. त्याच अभ्यासांमध्ये ज्यांना वेगळं प्रोटीन दिलं नव्हतं त्यांचेही मसल वाढलेच, कारण मोठा वाटा वजनं उचलण्याचाच असतो. बरं, शाकाहारी प्रोटीन म्हणून ते वाया जातं असंही नाही, २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये पूर्ण वीगन मुलांना सोयाच्या मदतीने १.६ पर्यंत नेलं तर १२ आठवड्यांत त्यांची वाढ मांसाहारी मुलांइतकीच निघाली. आपला प्रश्न डाळीच्या जातीचा कमी आणि एकूण ग्रॅमचा जास्त आहे.

मग पहिला प्लॅन. सहा दिवस, पुश-पुल-लेग्ज दोनदा, म्हणजे एक दिवस ढकलायचे व्यायाम, एक दिवस ओढायचे, एक दिवस पायांचे. छातीलाच बघा: बेंचचे ४ सेट, इनक्लाइन डंबेलचे ४, फ्लायचे २, असे १० आणि ते आठवड्यात दोनदा, म्हणजे २०. पाठीला तेवढेच. मावसभावाने हे दहा आठवडे केलं. पहिले तीन आठवडे वजनं चढली, त्यामुळे त्याला वाटलं जमतंय. मग वहीत जे दिसतं ते असं: बेंचवर ५० किलोने ८, ७, ५, ४ रेप्स. चौथ्या सेटला ४. आणि सातव्या आठवड्यापासून पहिल्याच सेटला ७, नंतर ६. ताजा असताना मारलेला पहिला सेट खाली येतोय म्हणजे मागच्या वेळचा थकवा अजून उतरलेला नाही, ही सगळ्यात स्पष्ट खूण. दहा आठवड्यांत वजन ६६ चं ६६.२ झालं. घरी यायला साडेनऊ, जेवण दहाला, झोप सहा तास, आणि इतकं दमल्यावर जेवण पण कमी जायचं हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं.

दुसरा प्लॅन चार दिवस, अप्पर-लोअर, म्हणजे दोन दिवस वरचं शरीर आणि दोन दिवस पाय. सोमवारी आणि गुरुवारी बेंचचे ३ आणि इनक्लाइनचे २, म्हणजे आठवड्याला छातीचे १०. पण प्रत्येक सेट असा की शेवटी फार तर एक-दोन रेप्स शिल्लक राहाव्यात, मध्ये अडीच-तीन मिनिटं खरी विश्रांती. पहिल्या आठवड्यात त्याला हे फारच थोडं वाटलं, जिममधून तासाभरात बाहेर पडल्यावर त्याला काहीच केलं नसल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात ५२.५ ने ८, ८, ७. बाराव्या आठवड्याला ५७.५ ने ८. वजन ६८, कंबर दीड सेंटिमीटर वाढली, म्हणजे वाढलेल्या १.८ किलोत थोडी चरबी आणि पाणी नक्की आहे, सगळं मसल नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर या काळात झोप तासभर वाढली आणि रात्रीची एक भाकरीही वाढली, त्यामुळे सगळं श्रेय कमी सेटना देता येत नाही. पण झोप आणि भाकरी वाढली ती घरी लवकर पोचल्यामुळेच, हे पण तितकंच खरं.

इथे एक गैरसमज दूर करतो. कमी प्रोटीनवर जास्त सेट "झेपत नाहीत" याचा अर्थ डाळ खाणाऱ्याचं शरीर दुखण्यातून उशिरा बाहेर येतं असा नाही. दुखणं मुख्यतः नवा व्यायाम, एकाच दिवशी मारलेले खूप सेट आणि खाली सोडताना वजन किती ताणलं यावर असतं, दोन-तीन आठवड्यांत सवयीने कमी होतं. गोष्ट वेगळी आहे. सेट म्हणजे बांधकामाची ऑर्डर, प्रोटीन आणि कॅलरी म्हणजे विटा. आठवड्याला १० सेटपर्यंत ऑर्डर वाढवली की वाढ चांगली वाढते हे बऱ्याच अभ्यासांत दिसतं, त्यापुढचा प्रत्येक सेट थोडाथोडाच देतो, आणि विटाच मोजक्या असतील तर ते थोडंही हाताला लागेल असं धरून चालू नका. थकवा मात्र पूर्ण लागतो. म्हणून प्रोटीनची कमतरता सेट वाढवून भरून निघत नाही. ३० ग्रॅम सुके सोया चंक्स रस्साभाजीत टाकले तर १५ ग्रॅम प्रोटीन येतं, आठ जादा सेटपेक्षा हा सौदा मला कधीही चांगला वाटतो.

दुसऱ्या टोकाची चूकही बघितलीय. प्रोटीन कमी आहे म्हणून घाबरून आठवड्याला छातीचे ३-४ सेट, ते पण आरामात. त्याने नवशिक्याला सुरुवातीला थोडं मिळेल, पुढे गाडी थांबते.

म्हणून माझं मत असं. किलोमागे १ ते १.२ वर असाल, काम आणि प्रवासात दिवस जात असेल, झोप सात तासांच्या खाली असेल तर प्रत्येक मोठ्या मसलला ८ ते १२ सेटवाला प्लॅन घ्या. सहा दिवस जायला आवडतंच असेल, जिम घराखाली असेल, तर जा, अडचण दिवसांची नाहीच, तेच १० सेट सहा दिवसांत वाटले तरी चालतात. दिवस मोजू नका, सेट मोजा, आणि मोजताना बेंचमध्ये ट्रायसेप्स आणि रोइंगमध्ये बायसेप्स पण काम करतात हे लक्षात ठेवा, त्यांना वेगळे ४-६ सेट पुष्कळ झाले. २० सेटवाला प्लॅन त्यालाच सुचवेन ज्याला दोन-तीन वर्षं झालीत, १० वर वाढ खरंच थांबलीय, प्रोटीन १.५ च्या पुढे नेता येतंय आणि वजन काट्यावर चढतंय. तेव्हा सुद्धा सगळीकडे नाही, एकाच मसलला दोन-दोन सेट वाढवत.

रिकव्हरीची अपेक्षा कशी धरायची? त्याच मसलला परत तीन दिवसांनी मारताना पहिला सेट मागच्या इतका किंवा एक रेप जास्त निघाला पाहिजे, इतकंच बघा. सलग दोन वेळा खाली आला तर एक आठवडा तिसरा हिस्सा सेट कापा. परत वर गेला तर सेट जास्त होत होते. नाही गेला तर सेटमध्ये दोष नाही, झोप आणि जेवण बघा, आणि जिना चढताना धाप लागत असेल किंवा कायम गळल्यासारखं वाटत असेल तर हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्या, आपल्याकडच्या शाकाहारी लोकांत बी१२ कमी असणं फार कॉमन आहे आणि ते कोणत्याही प्लॅनने सुटत नाही. काट्यावर महिन्याला अर्धा-पाऊण किलो हे ६६ किलोच्या माणसाला पुरे, दोन किलो चढत असेल तर बरीचशी चरबी आहे. दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे दिवस पहिल्या काही महिन्यांतच संपतात, नंतर एका लिफ्टवर महिन्याला दोन-तीन रेप्स वाढणं म्हणजे काम नीट चाललंय.

क्रिएटिन बद्दल थोडक्यात: मांस-मासे न खाणाऱ्यांच्या मसलमध्ये त्याचा साठा कमी असतो, त्यामुळे रोज ३ ग्रॅमचा उपयोग आपल्याला जास्त जाणवू शकतो. ते प्रोटीन नाही, त्याच्या जागी धरू नका, आणि किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टर.

आणि उपवास. श्रावणी सोमवारी किंवा एकादशीला साबुदाण्यावर दिवस काढायचा असेल तर लेग डे दुसऱ्या दिवशी सरकवा, एका दिवसाने मसल कुठे जात नाही पण त्या दिवशी स्क्वॉट जड जातो. नवरात्राचे नऊ दिवस धरत असाल तर सरळ सेट तिसऱ्या हिश्शावर आणा, उचलायचं वजन मात्र तेवढंच ठेवा, कारण असलेलं टिकवायला वाढवण्यापेक्षा खूप कमी काम पुरतं. दूध, दही, पनीर, शेंगदाणे चालत असतील तर तेवढे दिवस तेच जास्त. दसऱ्यानंतर लगेच १० सेटवर उडी नको, पहिल्या आठवड्यात ६, मग ८. मावसभावाने गेल्या वर्षी हेच केलं, नवरात्रात सेट कमी केले आणि दिवाळीच्या आधी परत ५७.५ ने ८ मारले.