सरासरी वेग: बेरीज करून निम्मे की 2xy/(x+y)?

जाताना ताशी 40 किमी, त्याच रस्त्याने येताना 60. पर्यायांत 50 आणि 48 दोन्ही असतात, आणि कुठली रीत लावायची इथेच मुलं अडतात.

कष्टाच्या बाबतीत निम्मे करणं सोपं, तोंडी होतं. पण उत्तर पडताळून बघा. अंतर 120 किमी धरा. जायला 3 तास, यायला 2. म्हणजे 240 किमीला 5 तास, वेग 48. वेग 50 असता तर 4 तास 48 मिनिटंच लागली असती. ही 12 मिनिटं गेली कुठे? संथ वेगात गाडी जास्त वेळ असते, म्हणून सरासरी 40 कडे झुकते. निम्मे करताना दोन्ही वेगांना सारखंच वजन मिळतं. पेपर काढणारा 50 मुद्दाम ठेवतो.

सूत्रात x आणि y म्हणजे दोन वेग, 40 आणि 60. त्याने 4800/100, म्हणजे 48. मात्र ते समान अंतराच्या दोनच टप्प्यांना चालतं. तीन असतील तर सरळ एकूण अंतर भागिले एकूण वेळ करा.

प्रश्नात ‘अर्धे अंतर’ किंवा ‘जाऊन-येऊन’ असेल तर सूत्र. ‘पहिले 2 तास, पुढचे 2 तास’ असेल तर बेरीज करून निम्मे, तिथे 50 च बरोबर.